शहाळ्याचे पाणी : अतिसारातील उपयोग

कोवळ्या नारळातील पाणी. जुलाबात अंगातील पाणी कमी झाले की ते देण्याची रीत सांगली-सातारा भागात सर्वत्र आहे. ते शिरेवाटे दिल्याचे उल्लेख साधारणपणे दुसऱ्या महायुद्धापासूनचे मिळतात. हवाना येथे १९४२ च्या सुमारास मुलांना ते असे दिल्याची नोंद विश्वसनीय वाटते. रणांगणावर सलाइनऐवजी ते सर्रास वापरले गेले, ही कथा मात्र सावधपणेच घ्यावी. तोंडाने पिण्याच्या आजच्या वापराला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

जलसंजीवनीची (ओआरएस) सध्याची मात्रा २००२ पासूनची आहे. तिच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५, ग्लुकोज ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल असते. लहान आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन पेशीत शिरते आणि त्यामागे पाणी ओढले जाते. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते. शहाळ्यात साखर पुरेशी, पण सोडियम फार थोडे, बहुतेक पृथक्करणांत लिटरला जेमतेम काही मिलिमोल. पोटॅशियम मात्र ५० च्या आसपास. नारळाची जात, माती व कोवळेपणा यांनुसार हे आकडे बरेच हलतात. पटकीसारख्या जोरदार जुलाबात मुख्यतः सोडियमच वाहून जाते. तेव्हा नुसत्या शहाळ्यावर राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून ग्लानी येऊ शकते. सौम्य जुलाबात, रोगी मीठ घातलेली पेज खात असेल, तर शहाळे चालते.

मूत्रपिंडाच्या विकारात प्रश्न उलटा होतो. समजा, मिरजेतील एका साठीच्या गृहस्थांचे क्रिएटिनिन जुनेच वाढलेले आहे आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. जुलाब लागल्यावर घरच्यांनी दुपारभरात ३ शहाळी पाजली. प्रत्येकी ३०० मिलिलिटर धरले, तर सुमारे ४५ मिलिमोल पोटॅशियम पोटात गेले. पोटॅशियमचे पथ्य असलेल्यांना दिवसभरात साधारण ५० मिलिमोल सांगितले जाते, म्हणजे जवळजवळ सगळा वाटा पाण्यातच संपला. एरवी जुलाबात पोटॅशियम शौचावाटे जाते. पण इथे पाणी आटल्याने लघवी कमी झालेली असते, बायकार्बोनेट गेल्याने रक्त आम्लतेकडे झुकते व पेशींतील पोटॅशियम बाहेर येते, आणि टेल्मिसार्टनमुळे ते मूत्रातून टाकण्याची क्रियाही मंदावते.

पोटॅशियम वाढल्याचे रोग्याला कळेलच असे नाही. पायांत बळ नसणे जुलाबाच्या अशक्तपणात खपून जाते. ईसीजीत टोकदार उंच टी-लहर दिसू शकते, पण ईसीजी साधा असला तरी रक्तातील आकडा पाहावाच लागतो. जलसंजीवनीतही पोटॅशियम असल्याने, ज्यांची लघवी जवळपास बंद आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत त्यांना तीही मोजून, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच द्यावी. शहाळ्यात चिमूटभर मीठ घातले, तर सोडियम वाढते. पोटॅशियम तेवढेच राहते.