रीलमधील लूप

रील किंवा शॉर्टची शेवटची ओळ अर्धी सोडायची आणि व्हिडिओ पुन्हा सुरू होताच पहिल्या ओळीने ती पूर्ण करायची, या लेखनपद्धतीला लूप म्हणतात. इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स भारतात २०२० मध्ये आले. दोन्हीकडे व्हिडिओ संपला की आपोआप पहिल्यापासून चालू होतो, आणि लूप उभा आहे तो यावरच.

लूप लिहिताना आधी एक अखंड वाक्य तयार करतात. मुंबईच्या लोकलवरच्या वीसेक सेकंदांच्या रीलसाठी ते असं असू शकतं: ‘संध्याकाळी सातला दादरहून विरार फास्ट पकडलीत, तर बोरिवलीला उतरता येत नाही.’ हे वाक्य ‘तर’नंतर तोडायचं. ‘तर’नंतरचा तुकडा रीलच्या सुरुवातीला जातो, ‘तर’पर्यंतचा शेवटी. ‘बोरिवलीला उतरता येत नाही’ एवढंच कानावर पडलं की माणूस थबकतो: का नाही येत? मधल्या भागात त्याचं उत्तर येतं. नालासोपारा-विरारची मंडळी दार धरून उभी असतात, आत ढकलला गेलेला माणूस बोरिवली आली तरी दारापर्यंत पोचत नाही, म्हणून जाणकार बोरिवली लोकलची वाट बघतात. मग ‘संध्याकाळी सातला दादरहून विरार फास्ट पकडलीत, तर...’ आणि रील पुन्हा सुरू.

मराठीत मुख्य क्रियापद बहुधा वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे ‘तर’, ‘तेव्हा’, ‘म्हणून’ यांवर वाक्य सहज टांगून ठेवता येतं. ‘कारण’वर संपवण्याची सवय मात्र सोडलेली बरी. मग पहिल्या ओळीत कारण द्यावं लागतं, आणि नुसत्या कारणाने सुरू होणारी रील क्वचितच कुणाला थांबवते. पहिली ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला एकटीच भेटते. लूपसाठी तिचा बळी देऊ नये.

लूप बहुतेक वेळा बिघडतो तो आवाजात. दोन्ही ओळी वेगवेगळ्या रेकॉर्ड केल्या तर शेवटच्या ओळीचा सूर पूर्णविरामासारखा खाली येतो आणि ऐकणाऱ्याला संपल्याचं कळतं. म्हणून पूर्ण वाक्य एका दमात बोलून मग कापतात. ‘तर’नंतरची शांतताही छाटावी लागते, सेकंदाला तीस फ्रेमच्या व्हिडिओत सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि एवढी फटही जाणवते. मागे गाडीचा खडखडाट असेल तर तो ट्रॅक मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांची जागा बदलतात. त्यामुळे रीलचं टोक आणि सुरुवात मुळात सलग असलेल्या आवाजावर येतात, आणि उघडा पडलेला सांधा रीलच्या मध्यावर हळूच मिसळून टाकता येतो.

शॉर्ट्सच्या आकडेवारीत सरासरी पाहिलेला भाग शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर लोक दुसऱ्या फेरीत शिरत आहेत. किती जण बघत राहिले याचा आलेख शेवटच्या दोन सेकंदांत कोसळत असेल तर शेवट आधीच ओळखला गेलाय. बहुतेकदा तिथे ‘फॉलो करा’ किंवा ‘धन्यवाद’ घुसलेलं असतं. पाककृतीसारख्या रीलमध्ये लोक प्रमाण पुन्हा बघायला परततात, तिथे या आकड्याचं श्रेय लूपला देता येत नाही.