नगरपरिषदेची पाणीयोजना: रायझिंग मेनची घर्षणहानी आणि तांत्रिक मान्यतेचा प्रस्ताव

तापीकाठी जॅकवेल आणि बारा-पंधरा किलोमीटरवर गाव, अशी खानदेशातल्या बऱ्याच नगरपरिषदांची रचना. पंपाने पाणी चढवणाऱ्या एवढ्या लांब लाईनच्या, म्हणजे रायझिंग मेनच्या, प्रस्तावात आक्षेप बहुधा पंपाच्या हेडवर, म्हणजे पंपाने किती मीटर जोर द्यायचा त्या आकड्यावर, येतो आणि त्याचं मूळ घर्षणहानीच्या तक्त्यात असतं. म्हणून कागदपत्रांची माहिती त्या तक्त्याच्या अंगाने देतो.

अर्ज नगरपरिषद किंवा नगरपंचायत करते, ठेकेदार किंवा सल्लागार नाही. सल्लागाराने आराखडा केला तरी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांचं पत्र लागतं. तांत्रिक मान्यतेसाठी प्रस्ताव महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे जातो. सोबत जलसंपदा विभागाचं पाणी आरक्षण, जागेचे सातबारे, रस्ता-रेल्वे ओलांडण्याच्या परवानग्या हे नेहमीचं आलंच.

घर्षणहानीसाठी मात्र तीन कागद नीट हवेत. पहिला, प्रत्यक्ष सर्वेक्षणाचा एल-सेक्शन. नकाशावर सरळ रेघ ओढून लांबी धरू नका; केळीच्या बागा टाळत रस्त्याच्या कडेने गेलेली लाईन सहज एक-दीड किलोमीटरने वाढते. दुसरा, नदीच्या किमान पाणीपातळीचा दाखला. हेड उन्हाळ्यातल्या पातळीवरून मोजायचं, पावसाळ्यातल्या नव्हे. तिसरा, वीज किती तास मिळणार याचं महावितरणचं पत्र. हा कागद सगळ्यात दुर्लक्षित, आणि हिशेब उलथवतो तो हाच.

एक नमुना घेऊ. रोज 12 दशलक्ष लिटर पाणी 20 तासांत न्यायचं, म्हणजे तासाला 600 घनमीटर. लाईन 14 किलोमीटर, आतून सिमेंटचं अस्तर असलेला 450 मिमीचा डीआय पाईप, आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा C 140. हेझन-विल्यम्सचं सूत्र असं:

```
hf = 10.67 × L × Q^1.852 / (C^1.852 × D^4.87)
```

इथे hf म्हणजे घर्षणहानी, लांबी L आणि आतला व्यास D मीटरमध्ये, प्रवाह Q सेकंदाला घनमीटरमध्ये, म्हणजे 0.1667. उत्तर किलोमीटरला 2 मीटर, एकूण 28 मीटर. बेंड आणि व्हॉल्व्हसाठी दहा टक्के, म्हणजे 2.8. किमान पाणीपातळी 152 आणि शुद्धीकरण केंद्रावरचा एरेटर 198, म्हणून स्टॅटिक हेड 46. पंपगृहातल्या जोडण्यांचे 2 मीटर धरून बेरीज 78.8, पंप 80 मीटरचा.

आता वीज 20 ऐवजी 16 तासच मिळाली तर? तेवढंच पाणी न्यायला प्रवाह सव्वापट होतो, पण घर्षण दीडपट: 28 चे 42 मीटर. 80 मीटरचा पंप ते हेड देऊ शकत नाही, तो कमी पाणी फेकतो आणि गावाला पाणी दिवसाआड जातं. म्हणून पंपगृहासाठी स्वतंत्र वीजवाहिनी, म्हणजे एक्स्प्रेस फीडर, मंजूर नसेल तर तक्ता 16 तासांवरच करावा, हे माझं मत.

व्यासाचंही तसंच. खर्च वाचवायला 400 मिमी घेतला की घर्षण जवळपास 50 मीटर होतं. जादा 22 मीटर चढवायला, पंप-मोटरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर, रोज हजारभर युनिट वीज जास्त. पाईपची बचत आणि हे बिल समोरासमोर मांडणारा आर्थिक व्यासाचा तक्ता म्हणूनच मागतात. एचडीपीईत अजून एक गफलत होते: त्याचा 450 हा बाहेरचा व्यास. दहा बारच्या पाईपची भिंत 27 मिमीच्या आसपास, आतली वाट जेमतेम 397 मिमी. सूत्रात 450 टाकलं की घर्षण निम्म्याजवळ दिसतं, आणि तपासणारा अभियंता पहिल्यांदा तेच पाहतो.

जुनी बिडाची लाईन वापरात ठेवायची असेल तर C पुस्तकातून उचलू नका, मोजून द्या. डिलिव्हरीला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, दाबाचा गेज लावा. लाईन भरलेली आणि पंप बंद असताना गेज फक्त उंची दाखवतो: गेज 162 वर आणि पाणी पडतं ते 198 वर, तर काटा 3.6 किलोवर. पंप सुरू करून प्रवाह स्थिर झाला की पुन्हा वाचा. 14 किलोमीटरची लाईन 600 घनमीटरला चांगली असेल तर काटा 6.7 च्या आसपास थांबतो. 8.9 दाखवला तर घर्षण, बेंडसकट, 53 मीटर; बेंडचे वजा केले की C शंभराच्या जवळ येतो. फ्लोमीटर नसेल तर तासाभरात टाकीत किती पाणी चढलं त्यावरून प्रवाह काढा. मात्र हवेचा व्हॉल्व्ह अडकला किंवा एखादा स्लूस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला तरी काटा तसाच चढतो, तेव्हा आधी लाईन चालून व्हॉल्व्ह पाहून घ्या. दोन्ही वाचनांचा तक्ता, तारीख-वेळ आणि पाणीपुरवठा अभियंत्याच्या सहीनिशी, प्रस्तावाला जोडायचा.