पॉलिपिल (स्टॅटिन आणि बीपीच्या औषधांची एकत्रित गोळी)

पॉलिपिल म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन आणि बीपीची दोन-तीन औषधं ठराविक डोसमध्ये एकाच गोळीत. काही गोळ्यांत रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिनही असते. २००३ मध्ये वॉल्ड आणि लॉ या ब्रिटिश संशोधकांनी ही कल्पना गाजवली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

खरा प्रश्न औषध चांगलं की वाईट हा नाहीच, माणूस ते रोज घेतो का हा आहे. बीपी आणि कोलेस्टेरॉल दुखत नाहीत, त्यामुळे तीन-चार गोळ्यांतली एखादी आधी सुटते, मग बरं वाटतंय म्हणून दुसरी, आणि सहसा डॉक्टरांना कळतही नाही. भारत आणि युरोपात झालेल्या अंपायर अभ्यासात (२०१३) साधारण सव्वा वर्षानंतर एकत्रित गोळीवाल्यांपैकी ८६ टक्के लोक औषधं नियमित घेत होते, नेहमीच्या उपचारावर ६५ टक्केच.

यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण इराणच्या गोलेस्तान प्रांतातलं. तिथे ५० ते ७५ वयाच्या सुमारे ६,८०० लोकांवर पाच वर्षं अभ्यास झाला, निम्म्यांना पॉलिपिल दिली आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. गोळीत बीपीची औषधं हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ आणि एनालाप्रिल ५, स्टॅटिन म्हणून अॅटोरव्हास्टॅटिन २० आणि अॅस्पिरिन ८१ मिलिग्रॅम. एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला येतो, तो आला की त्याच गोळीचा दुसरा प्रकार द्यायचे ज्यात त्याऐवजी व्हल्सार्टन ४० असायचं, म्हणजे खोकल्यापायी अख्खी गोळी बंद पडायची नाही. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गंभीर घटना पॉलिपिल गटात ५.९ टक्के लोकांत झाल्या, दुसऱ्या गटात ८.८ टक्के. आणि ज्यांनी गोळी खरोखर नेमानं घेतली त्यांच्यात फायदा आणखी मोठा दिसला.

खर्चाचं बघायचं तर आतली बहुतेक औषधं पेटंट संपलेली आहेत आणि चार स्ट्रिप्सऐवजी एकच लागते, त्यामुळे गोळी स्वस्त बनवता येते, पण ब्रँडेड पॉलिपिल सुट्या जेनेरिकपेक्षा महागही पडू शकते, म्हणून दोन्हीची महिन्याची बेरीज करूनच ठरवावं.

मर्यादाही खऱ्या आहेत. डोस बांधलेला असल्यामुळे एकाच औषधाचं प्रमाण वाढवता येत नाही, आणि चक्कर, अंगदुखी किंवा पोटॅशियममध्ये बदल झाला तर दोषी घटक कोणता ते शोधायला गोळी सुटी करावी लागते. एक गोळी चुकली की सगळीच औषधं चुकतात, आणि गोळीत अॅटेनोलॉल हे बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करणारं औषध असेल तर अचानक बंद करणं धोक्याचं, बीपी आणि ठोके उसळू शकतात. पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर अॅस्पिरिन नसलेली गोळी लागते. गरोदरपणात एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा व्हल्सार्टन असलेली गोळी चालत नाही, त्यामुळे मूल हवं असलेल्या बाईनं आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं.