वीरगळाची प्रतिकृती, दगडाला हात न लावता

“वीरगळाची प्रतिकृती करायची म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या त्या दगडावर प्लास्टर थापणार, मग दगडाचे पोपडे निघणारच ना?”

नाही, ती रीत साच्याची. थ्रीडी प्रिंटसाठी नुसते फोटो लागतात: चहूबाजूंनी, शंभरेक, प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. त्यांवरून संगणक दगडाचा आकार उभा करतो आणि प्रिंटर तो प्लास्टिकमध्ये घडवतो. शेजारी मोजपट्टी ठेवतात, नाहीतर माप चुकतं.

अडचण वेगळीच आहे. आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या वीरगळावर घोड्याच्या पोटाखालच्या खोल खाचेत कॅमेरा पोचला नाही, तर संगणक तिथे गुळगुळीत भर घालतो. प्रतिकृतीवर हात फिरवून ती पाहणाऱ्या अंध मुलीला तो दगडच तसा वाटेल. म्हणून पाटीवर, ब्रेलमध्येही, स्पष्ट लिहावं: ‘प्लास्टिकची प्रतिकृती, निम्मा आकार. घोड्याच्या पोटाखालचा भाग अंदाजाने भरलेला. आडव्या बारीक रेघा प्रिंटरच्या, छिन्नीच्या नव्हेत.’