फ्लायबॅक परिवर्तक (छोट्या ॲडॅप्टरमधील)

फ्लायबॅक परिवर्तक : घरातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेपासून ५, ९ किंवा १२ व्होल्टचा एकदिश पुरवठा देणारे स्विचिंग मंडल. त्याचा निर्गम मुख्य विजेपासून विलग असतो. मोबाइलचे चार्जर, वायफाय राउटर आणि सेट-टॉप बॉक्स यांचे ॲडॅप्टर बहुधा याच पद्धतीचे असतात. मंडलाच्या मधोमध पिवळ्या टेपने गुंडाळलेला फेराइटचा छोटा ठोकळा असतो. दुरुस्ती करणारे त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात आणि भागांच्या यादीतही तसेच लिहिलेले असते. पण त्याचे काम ट्रान्सफॉर्मरचे नाही. तो एकाच गाभ्यावर दोन गुंडाळ्या असलेला युग्मित प्रवर्तक आहे, आणि हा फरक लक्षात आला की मंडलातील बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळीतून एकाच वेळी प्रवाह वाहतो. गाभा फक्त दुवा असतो, ऊर्जा साठवणे हे त्याचे काम नसते. फ्लायबॅकमध्ये दोन्ही गुंडाळ्या पाळीपाळीने चालतात. विहिरीवरची मोट आधी खाली भरते, मग वर येऊन पाटात रिकामी होते, आणि विहीर व पाट यांच्यात पाण्याची सलग धार कधीच नसते. इथे तशीच खेप सेकंदाला हजारो वेळा होते, आणि मोटेची जागा गाभ्यातील चुंबकीय क्षेत्राने घेतलेली असते.

एका आवर्तनात काय घडते

आलेली वीज आधी डायोडच्या पुलाने एकदिश केली जाते आणि ४०० व्होल्टच्या इलेक्ट्रोलिटिक धारित्रात साठते. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणून या धारित्रावर साधारण तेवढा दाब मिळतो. हा दाब, प्राथमिक गुंडाळी आणि स्विचचे काम करणारा मॉस्फेट ट्रान्झिस्टर हे एकसर जोडलेले असतात. मॉस्फेट चालू झाला की गुंडाळीवर पूर्ण दाब येतो, पण प्रवाह एकदम वाढत नाही, तो सरळ रेषेत चढत जातो. या काळात दुय्यम गुंडाळीतही दाब निर्माण होतो. मात्र तिची टोके मुद्दाम उलटी जोडलेली असल्याने तिच्या पुढचा डायोड बंद राहतो. निर्गमाला या वेळी गाभ्याकडून काहीच मिळत नाही, भार निर्गमाच्या धारित्रावर चालतो.

ठरलेल्या शिखराला प्रवाह पोहोचला की नियंत्रक मॉस्फेट बंद करतो. गाभ्यातील चुंबकीय अभिवाह एका क्षणात नाहीसा होऊ शकत नाही. प्राथमिक बाजूची वाट तुटलेली असते, म्हणून सर्व गुंडाळ्यांवरील दाबाची दिशा पालटते, दुय्यम डायोड उघडतो आणि साठलेली ऊर्जा त्या वाटेने निर्गमात उतरते. दुय्यम प्रवाह शिखरापासून सुरू होऊन शून्यापर्यंत घसरतो, आणि मग पुढची खेप.

५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर उदाहरणादाखल घेऊ. निर्गम १० वॅट आहे. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत १२.५ वॅट लागतात. स्विचिंग सेकंदाला ६५,००० वेळा होत असेल तर एका खेपेत सुमारे १९२ मायक्रोज्यूल ऊर्जा न्यावी लागेल. प्राथमिक गुंडाळीचे प्रवर्तन १ मिलिहेन्री घेतले, तर ½·L·I² या सूत्राने शिखर प्रवाह सुमारे ०.६२ अँपिअर येतो. ३२५ व्होल्टवर तिथवर चढायला १.९ मायक्रोसेकंद लागतात. दाब कमी असून धारित्रावर १०० व्होल्टच उरले, तर ६.२ मायक्रोसेकंद. एका आवर्तनाचा काळ १५.४ मायक्रोसेकंद असल्याने दोन्ही बाबतींत वेळ पुरतो. एकच ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टच्या कोणत्याही देशात चालतो तो यामुळे. दाब उतरला की मॉस्फेट जास्त वेळ चालू राहतो, पण प्रत्येक खेपेची ऊर्जा तीच राहते.

फट

ऊर्जा साठते ती फेराइटमध्ये नव्हे, तर त्याच्या दोन अर्ध्या तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीत. हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, पण आकडे पाहिले की शंका राहत नाही. वरच्या चार्जरसाठी ईई१६ हा लहान गाभा घेतला, ज्याच्या मधल्या पायाचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस मिलिमीटर असते, आणि त्यावर १२० वेढे दिले, तर १ मिलिहेन्री मिळण्यासाठी मधला पाय सुमारे ०.३५ मिलिमीटर घासून फट ठेवावी लागते. शिखर प्रवाहाला अभिवाह घनता ०.२७ टेस्ला होते. तापलेले पॉवर फेराइट ०.३५ ते ०.४ टेस्लाच्या आसपास संपृक्त होते, त्यापुढे अभिवाह फारसा वाढत नाही; म्हणजे इथे थोडी मोकळीक उरते. ०.२७ टेस्लाला एवढ्याशा फटीत मावणारी ऊर्जा काढली तर ती १९० मायक्रोज्यूलच्या आसपास येते. म्हणजे जवळजवळ सगळी खेप फटीतच आहे.

फट न ठेवता हाच गाभा जुळवला, तर प्रवर्तन पंधरा मिलिहेन्रीच्या घरात जाते आणि साधारण ५० मिलिअँपिअरलाच गाभा संपृक्त होतो. तोवर साठलेली ऊर्जा हवी त्याच्या दहाव्या भागाएवढीही फारशी नसते. पुढे प्रवाह सरळ रेषेत चढायचे सोडून उसळी घेतो आणि मॉस्फेट जातो. उघडलेला गाभा पुन्हा चिकटवताना फटीचे माप बदलले की दुरुस्त केलेला ॲडॅप्टर गरम होतो किंवा भार येताच बंद पडतो, त्याचे मूळ इथे आहे.

वेढ्यांचे गुणोत्तर नेमके काय ठरवते

प्राथमिक १२० आणि दुय्यम ८ वेढे म्हणजे गुणोत्तर १५. लोखंडी पट्ट्यांच्या जुन्या ॲडॅप्टरमध्ये निर्गम दाब गुणोत्तरावरूनच निघत असे. इथे ३२५ ला १५ ने भागून ५ येत नाहीत, आणि यावेही लागत नाहीत. निर्गम दाब किती राहील हे प्रत्येक खेपेत किती ऊर्जा पाठवली आणि भाराने किती घेतली यावर ठरते. नियंत्रण तुटले आणि भार नसला, तर त्याच आठ वेढ्यांतून निर्गम ५ व्होल्टवर न थांबता चढत जाईल.

गुणोत्तराचे खरे काम दुसरे आहे. दुय्यम डायोड चालू असताना दुय्यम गुंडाळीवर ५ व्होल्ट अधिक डायोडचा अर्धा व्होल्ट असतो. त्याच्या १५ पट, म्हणजे सुमारे ८२ व्होल्ट, प्राथमिक बाजूला परावर्तित होतात आणि बंद मॉस्फेटवर धारित्राच्या दाबात मिळतात. मुख्य दाब २६४ व्होल्टपर्यंत चढला तर ३७३ आणि ८२ मिळून ४५५ व्होल्ट होतात. दुय्यम डायोडवर, मॉस्फेट चालू असताना, ३७३ चा पंधरावा भाग अधिक ५, म्हणजे ३० व्होल्ट उलटे येतात. गुणोत्तर वाढवले की डायोडचा ताण घटतो आणि मॉस्फेटचा वाढतो. या ओढाताणीतून निवड होते. प्रवाहाचा हिशेब मात्र सरळ आहे : ०.६२ अँपिअरच्या पंधरा पट, ९.३ अँपिअरचे दुय्यम शिखर.

४५५ व्होल्टसाठी ५०० व्होल्टचा मॉस्फेट पुरेल असे कागदावर वाटते, पण प्रत्यक्षात ६५० किंवा ७०० व्होल्टचा लावतात. कारण प्राथमिक गुंडाळीचा सगळाच अभिवाह दुय्यम गुंडाळीतून जात नाही. समजा ३ टक्के, म्हणजे ३० मायक्रोहेन्री, गळतीचे प्रवर्तन आहे. त्यातली ऊर्जा दुय्यम बाजूला जाऊच शकत नाही, ती मॉस्फेट बंद होताच दाबाचा टोकदार काटा काढते. हा काटा छाटण्यासाठी प्राथमिक गुंडाळीला समांतर डायोड, धारित्र आणि रोध यांचे स्नबर जोडतात. आपल्या उदाहरणात त्यात पाऊण वॅटच्या आसपास उष्णता होते. १० वॅटच्या चार्जरसाठी ही किंमत लहान नाही. म्हणून प्राथमिक गुंडाळी दोन भागांत करून दुय्यम मधे घालतात, त्याने गळती घटते.

विलगीकरण

दोन्ही बाजूंना जोडणारी तार नाही, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून जाते, एवढ्याने विलगीकरण तत्त्वतः झाले. पण माणसाचा जीव ज्यावर अवलंबून असतो ते तत्त्व नव्हे, बांधणी. दुय्यम गुंडाळीला बहुधा तिहेरी आवरणाची तार वापरतात, म्हणजे एखादा थर सदोष निघाला तरी उरलेले दाब सोसतात. छापील पट्टीवर दोन बाजूंच्या तांब्यांत साधारण ६ मिलिमीटर किंवा अधिक अंतर राखतात, आणि दोन बाजूंमध्ये प्रकाशाने संकेत नेणाऱ्या ऑप्टोकपलरखाली अनेकदा चीर कापतात. कारखान्यात प्रत्येक नगाच्या दोन बाजूंमध्ये ३,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब देऊन तपासणी होते. बनावट चार्जर उघडला तर सहसा हेच अंतर एक-दोन मिलिमीटरवर आलेले दिसते. तो चार्ज करतो, वजनाला हलका असतो, आणि कोरड्या हवेत वर्षभर काही होतही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात, पट्टीवर धूळ आणि ओल बसल्यावर, त्या अंतराचा कस लागतो.

या भिंतीला ओलांडणारे आणखी दोन भाग असतात. एक म्हणजे निळे, चकतीसारखे वाय-वर्गाचे धारित्र. ते स्विचिंगच्या गोंगाटाला परतीची वाट देते. त्यातून ५० हर्ट्झची किंचित वीजही गळते : १ नॅनोफॅरड असेल तर जास्तीत जास्त सुमारे ७२ मायक्रोअँपिअर. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर उलट्या हाताने बोट फिरवले की जाणवणारी खरखर यातलीच. तो दोष नव्हे. दोष तेव्हा, जेव्हा तिथे साधे सिरॅमिक धारित्र बसवलेले असते : ते शॉर्ट झाले तर मुख्य वीज थेट निर्गमावर येते.

दुसरा भाग ऑप्टोकपलर. निर्गमाचा अर्धा दाब टीएल४३१ हे एकात्मिक मंडल आपल्या अंगच्या २.५ व्होल्टशी ताडून पाहते आणि त्यानुसार ऑप्टोकपलरमधील एलईडी उजळ-मंद करते. पलीकडचा प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर नियंत्रकाला शिखर प्रवाह कमी-जास्त करायला सांगतो. स्वस्त चार्जरमध्ये ही जोडी गाळून साहाय्यक तिसऱ्या गुंडाळीवरचा दाब मोजतात. दुय्यम प्रवाह शून्याला टेकतो त्याच क्षणी मोजतात, कारण तेव्हा तारेतील आणि डायोडमधील घट सर्वांत कमी असते. या पद्धतीत मात्र वेढ्यांचे गुणोत्तर निर्गमाची अचूकता ठरवते.

बिघाड आणि मर्यादा

दुय्यम प्रवाह ठोक्यांनी येत असल्याने निर्गमाच्या धारित्रातून, आपल्या उदाहरणात, ३ अँपिअरहून अधिक प्रभावी मूल्याचा तरंगप्रवाह जातो. ते तापते, आतले द्रव सुकते, आणि सर्वांत आधी बहुधा तेच जाते. मीटर ५ व्होल्ट दाखवते, पण फोन जोडला की चार्जिंग थांबते-सुरू होते. टोपी फुगलेली दिसली तर शंका नको. न फुगलेल्या धारित्राचा अंतर्गत रोध मोजावा लागतो. ठरावीक अंतराने टिकटिक आवाज आणि लुकलुकणारा दिवा म्हणजे नियंत्रक सुरू होऊन लगेच माघार घेतो आहे. कारण दोन : दुय्यम डायोड शॉर्ट झालेला असेल, किंवा नियंत्रकाला वीज देणारे लहान धारित्र सुकलेले असेल. प्रवेशाचा फ्यूज-रोध उडाला असेल तर फक्त तो बदलून भागत नाही, कारण बहुतेकदा मॉस्फेट आधीच शॉर्ट झालेला असतो. फ्यूज-रोध शाबूत असून मंडलच बंद असेल, तर प्लग काढल्यावरही मोठ्या धारित्रात ३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. ते रोधातून उतरवूनच आत हात घालावा.

शक्ती वाढवायची तर दर खेपेची ऊर्जा वाढते, त्याबरोबर फट, गाभा, शिखर प्रवाह आणि गळतीची उष्णताही वाढते. गॅलियम नायट्राइडच्या स्विचमुळे आणि गळतीची ऊर्जा परत वापरणाऱ्या सुधारित रचनांमुळे ६५ वॅटचे चार्जरही फ्लायबॅकवर मुठीत मावू लागले आहेत. साधारण १०० वॅटच्या पुढे मात्र अनुनादी एलएलसीसारखी मंडले सरस ठरतात, ज्यांत दोन्ही गुंडाळ्या एकाच वेळी चालतात.