भोगवटा दाखला (गोव्यातील गृहनिर्माण संस्था)

इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी राहिली असून ती राहण्यास योग्य आहे, असे सांगणारा स्थानिक संस्थेचा दाखला. गोव्यात बोलताना याला सर्रास 'ऑक्युपन्सी' म्हणतात. गावात तो ग्रामपंचायत देते, शहरात नगरपालिका आणि पणजीत महानगरपालिका. मात्र त्याआधी नगरनियोजन खात्याकडून, किंवा त्या भागात नियोजन व विकास प्राधिकरण असल्यास त्याच्याकडून, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणावा लागतो. सदनिकाधारकांची बरीचशी गफलत या दोन दाखल्यांत होते. घरपट्टी लागू झाली म्हणजे ऑक्युपन्सी मिळाली, हाही असाच एक गैरसमज.

रेरा कायदा, २०१६ नुसार दाखला मिळवण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. तो ती टाळू लागला की संस्थेला स्वतः धावपळ करावी लागते. बांधकाम परवाना बिल्डरच्या नावाचा असल्याने, आपण अर्ज का करतो हे संस्थेला आधी दाखवावे लागते. त्यासाठी संस्थेचे नोंदणीपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विक्रीखते जोडतात. सोबत जमिनीची सनद, एक-चौदाचा उतारा, बांधकाम परवाना, शिक्क्याचा मंजूर नकाशा, प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा, वास्तुविशारदाचे पूर्णत्व प्रमाणपत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा मजबुतीचा दाखला असतो. सेप्टिक टाकी, शोषखड्डा आणि सांडपाणी पाहून आरोग्य खाते ना हरकत देते. उंच इमारतीला अग्निशमन खात्याचीही लागते.

अर्ज अडतो तो बहुधा नकाशावर. समजा, भूखंड १,२०० चौरस मीटरचा आहे आणि तिथे ८० टक्के एफएआर चालतो, म्हणजे ९६० चौरस मीटर बांधता येते. मंजूर नकाशात ९४० वापरले आहे. खालचे पार्किंग खांबांवर उघडे असल्याने ते या हिशेबात धरलेले नाही. पुढे बिल्डरने तिथल्या ४५ चौरस मीटरला भिंती घालून गोदाम केले. पार्किंग बंदिस्त होताच ती जागा एफएआरमध्ये मोजली जाते. बेरीज ९८५ होते, मर्यादेपेक्षा २५ जास्त. सुधारित नकाशा टाकला तरी फार तर २० चौरस मीटर बसू शकेल, आणि तेही गाड्यांची आवश्यक जागा शिल्लक राहत असेल तरच. भिंती पाडून पार्किंग पुन्हा मोकळे करणे हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग, पण गोदाम एव्हाना कोणाला विकलेले असले तर संस्थेपुढे नवाच वाद उभा राहतो.

म्हणून अर्जापूर्वी वास्तुविशारदाला घेऊन शिक्क्याच्या नकाशाबरहुकूम मोजणी करावी. सीमेपासूनची मोकळी जागा, पार्किंग आणि बंद केलेल्या बाल्कन्या एवढे तपासले तरी पाहणीत निघणाऱ्या बहुतेक हरकती आधीच कळतात. बाल्कनी रहिवाशांनीच बंद केली असेल, तर तिथे बिल्डरकडे बोट दाखवून भागत नाही.