नायसिनमाइड १० टक्के की ५?

प्रश्न: “दादरला राहते, दुपारपर्यंत चेहरा तेलकट होतो. १० टक्क्यांचं नायसिनमाइड सीरम दोन वेळा लावते, तरी रोमछिद्रं बंद होत नाहीत आणि गाल चुरचुरतात. २० टक्क्यांचं घेऊ का?”

नको. रोमछिद्रांना दार नसतं, ती उघडत-मिटत नाहीत. तेल साचलं की ती मोठी दिसतात. नायसिनमाइडने तेल थोडं घटतं, म्हणून ती बारीक दिसतात, आणि एवढ्यासाठी २ ते ५ टक्के पुरतात. टक्के दुप्पट केले म्हणून गुण दुप्पट येत नाही, जळजळ मात्र वाढते. शिवाय नायसिनमाइडमध्ये निकोटिनिक आम्लाचा अंश असू शकतो. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गाल लाल, गरम होतात. मुंबईच्या दमटपणात घामाने ही चुरचुर जास्तच जाणवते.

आधी दोन आठवडे सीरम बंद ठेवा. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन एवढंच वापरा. चुरचुर पूर्ण थांबली की ५ टक्क्यांचं सीरम एक दिवसाआड रात्री, कोरड्या चेहऱ्यावर २-३ थेंब लावा. फरक ८ आठवड्यांनी तपासा, रोज आरशात शोधू नका. खाज किंवा पुरळ आलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.